बेकिंग पावडरविना स्पंज केक: अख्खी अंडी आणि साखर फितीसारखी धार पडेपर्यंत फेटण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केवळ अंड्यांच्या फेसावर फुगणाऱ्या स्पंजला फ्रेंच बेकरीत ‘जेन्वाझ’ म्हणतात. या केकविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतील बहुतेक प्रश्न शेवटी एकाच टप्प्यापाशी येऊन थांबतात, आणि तो टप्पा म्हणजे अख्खी अंडी व साखर एकत्र फेटण्याचा. म्हणून येथे त्याच टप्प्याची आणि तेथून निघणाऱ्या अडचणींची उत्तरे एकत्र केली आहेत. पांढरे व पिवळे वेगवेगळे फेटून करायच्या स्पंजची पद्धत निराळी असल्याने ती येथे घेतलेली नाही.

१. बेकिंग पावडर किंवा सोडा न घालता केक फुगतो तरी कसा?

फेटताना अंड्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती अंड्यातील प्रथिनांचा पातळ पापुद्रा तयार होतो. केक ओव्हनमध्ये गेला की ही हवा तापून प्रसरण पावते. परंतु खोलीच्या तापमानापासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरही नुसती हवा जेमतेम पाव पटीने वाढते. उरलेले काम वाफ करते. मिश्रणातील पाण्याची वाफ होऊन ती या तयार बुडबुड्यांत शिरते व त्यांना फुगवते, आणि पुढे अंडे व मैद्यातील स्टार्च घट्ट होऊन तो आकार धरून ठेवतात. ओव्हनमध्ये नवे बुडबुडे तयार होत नाहीत. जेवढे फेटताना झाले आणि मैदा मिसळताना वाचले, तेवढेच फुगतात. त्यामुळे फेटण्यात उणीव राहिली, तर ती पुढे भरून काढण्याचा कोणताही मार्ग या केकमध्ये नाही.

२. प्रमाण काय घ्यावे?

२० सेंटीमीटर व्यासाच्या आणि ६ ते ७ सेंटीमीटर उंचीच्या गोल डब्यासाठी कवचाविना २०० ग्रॅम अंडी, १२० ग्रॅम बारीक साखर, १२० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम वितळवलेले लोणी घ्यावे. परदेशी पाककृतीत याला ‘४ अंडी’ म्हणतात. आपल्याकडे मिळणारी अंडी मात्र बहुधा लहान असतात आणि चार अंडी फोडल्यावर वजन २०० ग्रॅमपेक्षा कमी भरते. अशा वेळी पाचवे अंडे वाटीत नुसते हलवून घ्यावे आणि त्यातील हवे तेवढेच घालावे. अंडे कमी आणि मैदा तेवढाच राहिला, तर मिश्रण मुळातच जड होते आणि दोष मात्र फेटण्याला दिला जातो.

पुढील सर्व उत्तरांत हेच प्रमाण गृहीत धरले आहे. मऊ पोत हवा असल्यास १२० ग्रॅममधील २० ग्रॅम मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर घ्यावे आणि दोन्ही एकत्र दोनदा चाळावे.

३. ‘रिबन स्टेज’ म्हणजे नेमके काय? ती आली हे कसे ओळखायचे?

फेटणी वर उचलल्यावर मिश्रण थेंबाथेंबाने किंवा पाण्यासारखे न पडता जाड, सलग पट्टीसारखे पडते, खालच्या मिश्रणावर घडी घेत बसते आणि काही क्षण वेगळे दिसत राहते. या अवस्थेला रिबन स्टेज म्हणतात. धार दिसली एवढ्यावर समाधान मानणे हीच सर्वांत सामान्य चूक आहे. धार तर बरीच आधी दिसू लागते. ती पृष्ठभागावर किती वेळ टिकते यावर निर्णय घ्यावा.

त्यासाठी एक सोपी तपासणी आहे. यंत्र बंद करून फेटणी वर धरावी आणि पडणाऱ्या धारेने मिश्रणावर मराठी ४ चा आकडा काढावा. आकडा पूर्ण होईपर्यंत सुरुवातीची रेघ विरघळून गेली, तर मिश्रण अजून कच्चे आहे. पूर्ण आकडा दिसला पण तीन-चार सेकंदांत सपाट झाला, तर आणखी फेटणे आवश्यक आहे. आकडा ८ ते १० सेकंद स्पष्ट राहून मग हळूहळू बुडू लागला, म्हणजे अवस्था आली. दुसरी खूण टूथपिकची आहे: ती मिश्रणात साधारण दीड सेंटीमीटर खोल रोवल्यावर लगेच आडवी न होता उभी राहावी.

रंग या वेळी फिकट सायीचा होतो आणि आकारमान मूळच्या साडेतीन ते चार पट होते, परंतु या दोन खुणा केवळ आधाराला घ्याव्यात. गर्द पिवळ्या बलकाच्या गावठी अंड्यांचे मिश्रण पूर्ण फेटल्यावरही पिवळसरच दिसते. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल, तर १०० मिलिलिटरचे माप फेसाने अलगद काठोकाठ भरून वजन करावे. ते ३० ग्रॅमच्या आसपास असल्यास हवा पुरेशी भरली आहे. ४० ग्रॅमच्या पुढे असल्यास फेटणे अपुरे आहे.

४. अंडी व साखर गरम पाण्यावर का धरायची? ही पायरी गाळली तर चालते का?

अख्ख्या अंड्याला फेस येण्यात बलकातील स्निग्धांश अडथळा आणतो, म्हणून नुसत्या पांढऱ्यापेक्षा येथे फेटायला वेळ जास्त लागतो. मिश्रण कोमट केले की ते पातळ होते, हवा सहज धरते, आणि साखर पूर्ण विरघळते. विरघळलेल्या साखरेमुळे बुडबुड्यांभोवतीचे पाणी दाटसर होऊन सावकाश निथळते, म्हणून फेस टिकतो.

पातेल्यात दोन बोटे पाणी तापवून वाफ दिसू लागताच गॅस मंद करावा. त्यावर अंड्यांचे भांडे असे ठेवावे, की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. साखर घातल्याक्षणापासून मिश्रण सतत हलवत राहावे. साखर बलकावर तशीच पडून राहिली तर ती बलकातील पाणी शोषते आणि पुढे न मोडणाऱ्या बारीक पिवळ्या गुठळ्या राहतात. मिश्रण ४० ते ४५ अंशांवर आले की भांडे लगेच खाली उतरवावे. थर्मामीटर नसल्यास बोट बुडवून पाहावे: ते स्पष्ट कोमट लागले पाहिजे, चटका बसता कामा नये. तोच थेंब दोन बोटांत चोळल्यावर साखरेचा कण जाणवू नये. तापमान ६० अंशांच्या पुढे गेले तर अंडे शिजू लागते, आणि भांड्याच्या कडेला ते मध्यापेक्षा आधी घडते. म्हणून स्पॅटुला कडेवरून सतत फिरता ठेवावा.

ही पायरी गाळूनही शक्तिशाली स्टँड मिक्सरवर फेस येतो, मात्र वेळ बराच जास्त लागतो. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात स्वयंपाकघरच ४० अंशांच्या आसपास असते. तेव्हा अंडी बाहेर ठेवलेली असतील तर वेगळे गरम करण्याची गरज नसते, केवळ साखर विरघळू द्यावी. थंडीत, किंवा अंडी थेट फ्रिजमधून काढलेली असताना, ही पायरी गाळू नये.

५. कोणती साखर घ्यावी? गोडी कमी हवी असल्यास साखर कमी करता येते का?

आपली नेहमीची दाणेदार साखर मिक्सरमधून एक-दोनदा फिरवून बारीक रव्याइतकी करून घ्यावी. पूर्ण पीठ करण्याची गरज नाही. बाजारातील आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नफ्लोअर मिसळलेले असते, त्यामुळे साखरेचे प्रत्यक्ष प्रमाण घटते.

१२० ग्रॅमवरून १०० ग्रॅमपर्यंत उतरता येते. त्याखाली गेल्यास फेस भराभर येतो, त्यामुळे सारे उत्तम चालले आहे असे वाटते, पण तो कोरडा व ठिसूळ असतो आणि मैदा पडताच खचतो. येथे साखर केवळ गोडीसाठी नसते, हे प्रश्न ४ च्या उत्तरात आले आहे. गूळ चिरून घातल्यास त्यातील ओलावा व आम्लता यांमुळे फेस कमी येतो आणि पोत बदलतो. गुळाचा केक करायचा असेल तर या पद्धतीचा आग्रह धरू नये. साखरेऐवजी वापरायच्या गोळ्या-पावडरी अगदी थोड्या प्रमाणात घालायच्या असल्याने त्यांच्याकडून फेसाला दाटपणा मिळत नाही, म्हणून त्यांच्यावर हा स्पंज होत नाही.

६. किती मिनिटे आणि कोणत्या वेगावर फेटावे?

मिनिटे यंत्राच्या शक्तीवर, भांड्याच्या आकारावर आणि मिश्रणाच्या तापमानावर ठरतात, म्हणून कोणताही आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. वेगाचा क्रम मात्र ठरलेला आहे. त्यातील शेवटचा टप्पा पाककृतींत एका ओळीत उरकलेला असतो किंवा मुळीच नसतो. माझ्या मते केकचा पोत त्यानेच ठरतो.

पाच वेग असलेल्या साध्या हँड मिक्सरवर वरील प्रमाण फेटताना काय दिसते ते क्रमाने पाहू. पहिल्या मिनिटात मध्यम वेगावर मोठे, साबणासारखे बुडबुडे येतात. त्यानंतर सर्वाधिक वेग ठेवावा. दोन-तीन मिनिटांत रंग फिका पडतो आणि आकारमान दुप्पट होते, पण फेटणी उचलली तर मिश्रण पातळ ओघळते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला फेटणीच्या तारांच्या मागे वळ्या उमटू लागतात आणि त्या लगेच मिटत नाहीत. येथपासून दर अर्ध्या मिनिटाने प्रश्न ३ मधील आकड्याची तपासणी करावी. आकडा टिकू लागला की वेग पहिल्या क्रमांकावर आणावा आणि यंत्र एका जागी उभे धरून, भांडे सावकाश फिरवत आणखी दोन ते तीन मिनिटे फेटावे.

या सावकाश फेटण्याने आकारमान वाढत नाही, किंचित कमीच होते, म्हणून अनेकांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. परंतु जोराने फेटलेल्या फेसात लहान-मोठे बुडबुडे मिसळलेले असतात, आणि अशा फेसात लहान बुडबुड्यांतील हवा हळूहळू मोठ्यांत जात राहते, मोठे आणखी मोठे होतात व फुटतात. मंद वेगावर मोठे बुडबुडे मोडून सारे जवळपास एका आकाराचे होतात. पृष्ठभागावरील डोळ्यांना दिसणारी छिद्रे नाहीशी होऊन मिश्रण तुकतुकीत झाले, की थांबावे. असा फेस मैदा मिसळताना कमी बसतो आणि केक कापल्यावर जाळी बारीक व एकसारखी दिसते.

७. जास्त फेटले जाऊन फेस बिघडू शकतो का?

नुसते पांढरे जास्त फेटल्यावर जसे रवाळ होऊन पाणी सोडते, तसे अख्ख्या अंड्यांचे साखरेसह केलेले मिश्रण सहसा होत नाही; बलक आणि साखर दोन्ही त्याला सांभाळतात. तरीही सर्वाधिक वेगावर विनाकारण लांबवू नये. हवा गरजेपेक्षा जास्त झाली तर पापुद्रे पातळ पडतात, केक ओव्हनमध्ये उंच चढतो आणि बाहेर काढल्यावर तितकाच खाली येऊन वर सुरकुत्या पडतात.

८. हाताने फेटता येते का? मिक्सरच्या भांड्यात किंवा ब्लेंडरमध्ये चालेल का?

तारांच्या फेटणीने हाताने निश्चितच होते, पण अर्धा तास किंवा त्याहून अधिक श्रम लागतात. हाताने फेटताना भांडे सुरुवातीची काही मिनिटे कोमट पाण्यावरच ठेवावे, आणि शक्य असल्यास दोघांनी आळीपाळीने फेटावे. चटणी वाटायच्या मिक्सरमध्ये किंवा ब्लेंडरमध्ये मात्र पाते कापण्याचे काम करते. थोडा फेस येतो, पण रिबन स्टेज येत नाही.

९. भांड्याला थोडे तेल लागलेले असेल किंवा बलक फुटला असेल, तर फेस येणार नाही का?

ही अट केवळ पांढरे वेगळे फेटण्यासाठी आहे. येथे बलक मुळातच आत आहे, त्यामुळे तो फुटल्याने काहीही बिघडत नाही. भांडे स्वच्छ व कोरडे असावे, एवढी काळजी पुरेशी आहे.

१०. फेस उत्तम होतो, पण मैदा घातला की बसतो. काय चुकते?

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी, की थोडा फेस बसणे अपरिहार्य आहे. ३० ग्रॅम भरणारे १०० मिलिलिटरचे माप मैदा व लोणी मिसळल्यावर ४५ ते ५० ग्रॅम भरते आणि तसेच ते भरावे. वरील प्रमाणात हे मिश्रण साधारण एक लिटर होते आणि २० सेंटीमीटरच्या डब्यात ३ सेंटीमीटरच्या थोडे वर येते. ते २ सेंटीमीटरच्या आसपासच राहिले, तर हवा खरोखर गेली आहे.

मैदा एकदम ओतल्यास तो वजनाने तळाशी जातो आणि त्याच्या गाठी मोडण्यासाठी खूप ढवळावे लागते. म्हणून दोनदा चाळून ठेवलेला मैदा तिसऱ्यांदा थेट फेसावर, तीन भागांत चाळावा. रुंद स्पॅटुला मध्यभागातून तळापर्यंत न्यावा, तळ खरवडत कडेने वर आणावा आणि मनगट वळवून मिश्रण अलगद वर टाकावे. दुसऱ्या हाताने त्याच वेळी भांडे थोडे फिरवावे. गोल गोल ढवळू नये आणि स्पॅटुला भांड्याच्या काठावर आपटू नये.

याच्या उलट चूकही तितकीच होते, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. फेस बसेल या भीतीने बरेच जण मैदा दिसेनासा होताच थांबतात. तेव्हा मिश्रण अजून फुसफुशीत आणि निस्तेज असते. असा केक फुगतो, पण त्याची जाळी भरड होते आणि कापताना चुरा पडतो. मैदा नाहीसा झाल्यावरही आणखी काही वेळा तसेच अलगद वरखाली करावे, म्हणजे पृष्ठभागावर हलकी चमक येते. नीट फेटलेला फेस एवढे सहन करतो.

११. लोणी केव्हा आणि कसे घालावे? तूप किंवा तेल चालेल का?

लोणी बुडबुड्यांचे पापुद्रे मोडते आणि वजनाने तळाशीही जाते, म्हणून ते सर्वांत शेवटी आणि कोमट, साधारण ५० अंशांवर असताना घालावे. ते थेट ओतू नये. वितळलेल्या लोण्याच्या वाटीत दोन मोठे चमचे मिश्रण घालून ते एकजीव करावे, मग ते मूळ मिश्रणावर पसरून प्रश्न १० प्रमाणे मिसळावे. वाटीतील ते दोन चमचे बसतात. त्यांचा त्याग करून उरलेला फेस वाचवायचा असतो. थंड, घट्ट होऊ लागलेले लोणी मुळीच वापरू नये. साजूक तूप किंवा वास नसलेले तेल चालते. लोण्यात पाण्याचा अंश असतो, यांच्यात तो नसतो, म्हणून २५ ग्रॅम पुरे.

१२. केकच्या तळाशी वातड, पिवळा थर येतो किंवा मध्यभाग खचतो. कारण कसे ओळखावे?

केक उभा कापून पाहावा. तळाचा थर चकचकीत आणि तेलकट असेल, तर लोणी नीट मिसळले गेले नाही. थर कोरडसर व पिठूळ असून त्यात पांढरे ठिपके असतील, तर मैदा खाली बसला आहे. पूर्ण केकच बुटका आणि दाट असेल, तर फेटणे अपुरे राहिले किंवा मिश्रण डब्यात ओतल्यावर थांबून राहिले.

मध्यभाग खचला आणि तेथे ओलसर लागला, तर केक कच्चा राहिला किंवा ओव्हनचे दार लवकर उघडले गेले. ओटीजी १७० अंशांवर किमान १५ मिनिटे आधी तापवावा आणि पहिली २० मिनिटे दार उघडू नये. २८ ते ३२ मिनिटांत केक कडा सोडू लागतो आणि बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येतो. बाहेर काढताच डबा १५ सेंटीमीटर उंचीवरून ओट्यावर एकदा सरळ आपटावा. हे ऐकताना विचित्र वाटते, पण कोंडलेली गरम वाफ एकदम बाहेर पडल्याने केक निवताना कमी आकसतो. त्यानंतर तो जाळीवर उलटा काढावा.

१३. फेटत असताना वीज गेली, किंवा ओव्हन तापायचा राहिला. मिश्रण ठेवता येते का?

मैदा घालण्यापूर्वीचा पूर्ण झालेला फेस पाच-दहा मिनिटे तग धरतो. नंतर मंद वेगावर एक-दोन मिनिटे फेटून तो पुन्हा एकसारखा करावा. फेस अर्धवट असताना वीज गेली आणि मिश्रण निवले, तर ते पुन्हा कोमट करून पहिल्यापासून फेटता येते. त्यात नुकसान केवळ वेळेचे आहे. मैदा मिसळल्यानंतर मात्र कोणताही उपाय नाही. म्हणून ओव्हन तापलेला, डब्याला कागद लावलेला आणि मैदा चाळलेला असल्याशिवाय अंडी फोडू नयेत.

१४. चॉकलेट स्पंज करताना फेस लगेच का पातळ होतो?

कोको पावडरमध्ये स्निग्धांश असतो आणि तो फेस मोडतो. २० ग्रॅम कोको घ्यायचा असेल तर तेवढाच मैदा कमी करावा, दोन्ही एकत्र तीनदा चाळावेत आणि पांढऱ्या स्पंजपेक्षा कमी वेळा वरखाली करावे. प्रश्न १० मध्ये सांगितलेली चमक येईपर्यंतची वाट येथे पाहू नये. फेसावर सुटा कोको कधीही चाळू नये, तो गाठी धरतो.

१५. प्रमाण दुप्पट केले तर केक पहिल्यासारखा का होत नाही?

आठ अंड्यांचा फेस दोन लिटरच्या पुढे जातो. लहान भांड्यात हँड मिक्सर वरचा भाग फेटत राहतो आणि तळाशी पातळ मिश्रण उरते. वरून काढलेला ४ चा आकडा टिकतो, पण तो फसवा असतो. तपासणीपूर्वी स्पॅटुला एकदा तळापर्यंत नेऊन पाहावे. पाच लिटरचे भांडे आणि स्टँड मिक्सर नसेल, तर दोन वेगळे घाणे करणे अधिक सुरक्षित आहे. ओव्हनमध्ये एकच डबा मावत असेल, तर दुसऱ्या घाण्याची अंडी पहिला केक बाहेर यायला दहा-पंधरा मिनिटे उरली असताना फेटायला घ्यावीत, म्हणजे मिश्रणाला ओव्हन रिकामा होण्याची वाट पाहावी लागणार नाही.